गाताना आवाज मागून येतो तेव्हा : कमी विलंबाच्या मॉनिटरिंगची मांडणी

गावातल्या घरी लॅपटॉप, दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि हेडफोन एवढ्या सामानावर भजन रेकॉर्ड करणारे आता पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे गाणारा माणूस हेडफोन लावून दोन ओळी म्हणतो आणि थांबतो : "भाऊ, माहा आवाज मांगून येऊन राह्यला." मग रेकॉर्डिंग करणारा बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, कमी करतो. तक्रार थोडी कमी होते, पण आवाजात कटकट शिरते. ती घालवण्यासाठी बफर पुन्हा वाढवला की तक्रार परत येते. हे चक्र चालते, कारण गाणाऱ्याच्या कानात त्याचा आवाज नेमका कोणत्या वाटेने पोहोचतो आहे, हे आधी ठरवलेलेच नसते.

या लेखात एकच प्रसंग धरला आहे. हार्मोनियम आणि खंजिरी आधीच रेकॉर्ड झाली आहे आणि आता त्यावर एका गायकाचा आवाज घ्यायचा आहे. उदाहरणे विंडोजवरच्या रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची आहेत. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बटणांची नावे बदलतील, पायऱ्यांचा क्रम बदलणार नाही.

## सुरुवातीआधी : दोन वाटा

सॉफ्टवेअर मॉनिटरिंगमध्ये माइकमधला आवाज इंटरफेसमधून संगणकात जातो, सॉफ्टवेअरमधून फिरतो आणि पुन्हा इंटरफेसमधून हेडफोनमध्ये येतो. जाताना एक बफर भरावा लागतो आणि येताना दुसरा. ४८,००० च्या सॅम्पल रेटवर २५६ सॅम्पलचा एक बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद, म्हणून दोन्ही मिळून १०.७ मिलिसेकंद होतात. त्यात इंटरफेसमधले रूपांतर आणि ड्रायव्हरने स्वतःसाठी राखलेली सवड यांचे आणखी काही मिलिसेकंद मिळतात. १२८ सॅम्पलला दोन बफरचे ५.३ आणि ५१२ ला २१.३ मिलिसेकंद होतात.

डायरेक्ट मॉनिटरिंगमध्ये माइकच्या आवाजाला इंटरफेसमध्येच फाटा फुटतो. एक शाखा रेकॉर्डिंगसाठी संगणकाकडे जाते आणि दुसरी थेट हेडफोनकडे वळते. काही इंटरफेसमध्ये हा फाटा रूपांतराच्या आधीच असतो, तर काहींत आतल्या डिजिटल मिक्सरमधून जातो. दुसऱ्या प्रकारात एक-दोन मिलिसेकंद लागले तरी गाणाऱ्याला ते जाणवत नाहीत.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. डायरेक्ट मॉनिटरिंगमध्येही हार्मोनियम आणि खंजिरी संगणकातूनच येतात आणि बफरइतक्या उशिराने येतात, पण त्या उशिराने काहीही बिघडत नाही. गायक जे ऐकतो त्यावर गातो, आणि रेकॉर्ड झालेला आवाज सॉफ्टवेअर तेवढ्याच अंतराने आधीच्या वेळेकडे सरकवून जागेवर बसवते. त्रास होतो तो फक्त स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येण्याचा. गाणाऱ्याला आपला आवाज हाडांमधून त्याच क्षणी ऐकू येत असतो आणि हेडफोनमधला त्यावर मागून येऊन पडतो. म्हणून हार्मोनियमवाल्याला चालणारा उशीर गायकाला चालत नाही. माझ्या मते गायकासाठी जाण्यायेण्याचा एकूण उशीर ६ ते ७ मिलिसेकंदांच्या आत असावा. १० पर्यंत बहुतेकजण निभावून नेतात, पण १५ च्या पुढे गाणे ओढल्यासारखे होते.

## पायरी १ : ड्रायव्हर आणि लॅपटॉप

इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा `ASIO` ड्रायव्हर, म्हणजे सॉफ्टवेअरला इंटरफेसशी कमी उशिरात थेट बोलू देणारा प्रोग्राम, तिच्याच संकेतस्थळावरून उतरवून बसवा. `ASIO4ALL` हा त्याचा पर्याय नाही. तो विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर चढवलेला थर आहे आणि कंपनीचा ड्रायव्हर मिळतच नसेल तेव्हाच वापरावा. मग रीपरमध्ये `Options > Preferences > Audio > Device` येथे `ASIO` निवडून आपल्या इंटरफेसचे नाव निवडा. सॅम्पल रेट ४८,००० किंवा ४४,१००, जो प्रकल्पाचा असेल तोच ठेवा. बफर सुरुवातीला २५६ असू द्या.

इंटरफेस लॅपटॉपच्या पोर्टलाच जोडा, मध्ये हब नको. हेडफोन इंटरफेसच्या जॅकमध्ये लावा. लॅपटॉपच्या जॅकमध्ये लावला तर डायरेक्ट मॉनिटरिंगचा आवाज त्यात येणारच नाही. ब्लूटूथ हेडफोन या कामाला सर्वथा निरुपयोगी आहे, कारण त्याचा स्वतःचाच उशीर साधारणपणे शंभर मिलिसेकंदांच्या पुढे असतो. हेडफोन कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला घ्या, नाहीतर त्यातली खंजिरी माइकमध्ये शिरते आणि नंतर काढता येत नाही.

आपल्याकडे लॅपटॉपचा प्रश्न दोन बाजूंनी येतो. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि विंडोज स्वतःहून प्रोसेसरचा वेग उतरवते. जी मांडणी चार्जरवर सुरळीत चालत होती ती अचानक कटकट करू लागते. म्हणून बॅटरीवर असतानाही `Best performance` ही निवड कायम राहील असे पाहा आणि वाय-फाय बंद ठेवा. दुसरी बाजू उन्हाची आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना बंद खोलीत लॅपटॉप तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. सकाळी १२८ वर नीट चाललेला बफर दुपारी तीनला फुटतो तो यामुळेच, आणि लोक मात्र ड्रायव्हर पुन्हापुन्हा बसवत राहतात. टेकच्या वेळी कूलर बंद ठेवावाच लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात आवाजाचे काम पहाटे उरकणे दोन्ही दृष्टींनी बरे. लॅपटॉप गादीवर किंवा सतरंजीवर न ठेवता खालून हवा लागेल असा दोन विटांवर ठेवा.

तपासणी : रीपरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात सॅम्पल रेट, बफर आणि येण्याजाण्याचे मिलिसेकंद दिसतात. तिथे शेवटी `ASIO` लिहिलेले नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी २ : वादनाची एकच फाइल करा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. वादनाचे आठ-दहा ट्रॅक, त्यांवरचे प्लगइन आणि मास्टरवरचा लिमिटर असलेल्या मिक्सिंगच्या प्रकल्पातच आवाज घ्यायला बसू नका. पुढचे पाहून चालणारा लिमिटर किंवा लिनिअर-फेज इक्वलायझर काम करण्यासाठी आवाज रोखून धरतो. तो मास्टरवर असेल तर सॉफ्टवेअरमधून जाणाऱ्या गायकाच्या आवाजालाही तेवढाच उशीर लागतो, मग बफर कितीही लहान असो. रीपरमध्ये प्लगइनच्या खिडकीत खाली `spls` असा आकडा दिसतो, तो म्हणजे त्या प्लगइनचा उशीर. ४८,००० वर ४८० सॅम्पल म्हणजे पूर्ण १० मिलिसेकंद.

म्हणून वादनाची एक स्टिरिओ वेव्ह फाइल काढा, त्याच सॅम्पल रेटचा नवा रिकामा प्रकल्प उघडा आणि ती फाइल अगदी शून्यावर ठेवा. प्रोसेसरवरचा भारही उतरतो आणि लपलेला उशीरही जातो. आवाज घेऊन झाला की टेक मूळ प्रकल्पात त्याच जागी नेता येतात.

## पायरी ३ : माइकची पातळी, आणि मगच हेडफोन

गायकाला सगळ्यात वरची, जोराची ओळ म्हणायला लावा आणि इंटरफेसचा गेन असा लावा की मीटरचा उच्चांक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. भजनात ध्रुपद शांत असते आणि शेवटची लय चढली की आवाज दुप्पट होतो, म्हणून पहिल्या कडव्यावर पातळी लावू नका.

एकदा लावलेला गेन नंतर हलवायचा नाही. डायरेक्ट मॉनिटरिंगमध्ये गायकाने "मले माहाच आवाज येऊन नाही राह्यला" म्हटले की हात आपोआप गेनकडे जातो. त्याने हेडफोनमधला आवाज वाढतो खरा, पण रेकॉर्डिंगही वर जाऊन फाटते, आणि ते टेक संपल्यावरच कळते. योग्य क्रम उलटा आहे. आधी रीपरमध्ये वादनाच्या ट्रॅकचा फेडर खाली घ्या, मग हेडफोनचा नॉब वाढवा. इनपुट आणि संगणकाचा आवाज यांचे प्रमाण ठरवणारा मिक्स नॉब ज्या इंटरफेसवर असतो, तिथे हेच काम त्या नॉबने होते.

## पायरी ४ : डायरेक्ट मॉनिटरिंग लावा, दुसरी वाट बंद करा

१. इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटर बटण चालू करा. काहींवर ते मोनो आणि स्टिरिओ अशा दोन स्थितींचे असते, उदाहरणार्थ फोकसराइटच्या दोन-इनपुटी स्कार्लेटच्या तिसऱ्या पिढीवर. एकट्या गायकासाठी मोनो ठेवा. स्टिरिओत पहिला इनपुट फक्त डाव्या कानात येतो, आणि हेडफोन बिघडला असे समजून माणसे वायर हलवत बसतात.

२. रीपरमध्ये आवाजासाठी नवा ट्रॅक घ्या, इनपुट निवडा, लाल बटणाने तो रेकॉर्डसाठी सज्ज करा.

३. त्याच ट्रॅकचे रेकॉर्ड मॉनिटरिंग बंद करा. ट्रॅक सज्ज करताच ते अनेकदा आपोआप चालू झालेले असते, आणि सर्वांत मोठी चूक इथेच होते.

इशारा : दोन्ही वाटा एकाच वेळी चालू राहिल्या तर गायकाला आपला आवाज दोनदा ऐकू येतो. बफर मोठा असेल तर दुसरा आवाज प्रतिध्वनीसारखा वेगळा कळतो आणि चूक लगेच सापडते. बफर लहान असेल तर मात्र दुहेरीपणा कळत नाही, आवाज फक्त पोकळ आणि नळीतून आल्यासारखा होतो. कारण सरळ आहे. एकच आवाज ५ मिलिसेकंदांच्या अंतराने स्वतःत मिसळला की १००, ३००, ५०० हर्ट्झ अशा ठिकाणी तो स्वतःलाच खोडतो आणि पुरुषी आवाजाचा भरीवपणा नेमका तिथेच असतो. अशा वेळी माइकला दोष दिला जातो, इक्वलायझर लावला जातो, आणि उपयोग काहीच होत नाही. रेकॉर्डिंग ऐकले तर आवाज भरलेला असतो, पोकळपणा फक्त हेडफोनमध्ये होता.

तपासणी : गायकाला "आ" लावून धरायला सांगा आणि रीपरमधला मास्टर म्यूट करा. गायकाचा आवाज जसाच्या तसा राहिला पाहिजे. त्याचा पोत किंचितही बदलला, तर सॉफ्टवेअरची वाट कुठेतरी उघडी आहे.

आता बफरची चिंता संपली. तो ५१२ केला तरी चालेल, आणि जुन्या लॅपटॉपवर तो खरोखरच ५१२ करा. कटकट नसलेले रेकॉर्डिंग हे लहान आकड्यापेक्षा कधीही मोलाचे.

## पायरी ५ : कानात थोडा रिव्हर्ब

डायरेक्ट मॉनिटरिंगवरचा खरा आक्षेप एकच आहे : आवाज कोरडा येतो. मंदिराच्या सभामंडपात किंवा भोंग्यावर गायची सवय असलेल्या माणसाला तो कोरडा आवाज परका वाटतो, तो घसा ताणू लागतो आणि सूर वर चढतो. यासाठी पूर्ण सॉफ्टवेअर मॉनिटरिंगकडे वळण्याची गरज नाही. मूळ आवाज डायरेक्ट वाटेने येऊ द्या आणि फक्त रिव्हर्ब सॉफ्टवेअरकडून घ्या.

१. दुसरा ट्रॅक घ्या आणि त्याला माइकचा तोच इनपुट द्या. नाव 'कानातला रिव्हर्ब' असे काहीतरी द्या, म्हणजे नंतर गोंधळ होणार नाही.

२. तो सज्ज करा, त्याचे रेकॉर्ड मॉनिटरिंग चालू करा आणि रेकॉर्ड बटणावर उजवी क्लिक करून `Record: disable (input monitoring only)` निवडा. यावर काहीही रेकॉर्ड होणार नाही.

३. त्यावर `ReaVerbate` लावा. `Dry` पूर्ण खाली, अगदी `-inf` पर्यंत न्या, आणि फक्त `Wet` ठेवा.

४. फेडर पूर्ण खालून हळूहळू वर आणा. गायकाने मान डोलावली की थांबा.

५१२ च्या बफरवर हा रिव्हर्ब वीस-पंचवीस मिलिसेकंद उशिरा येईल, पण कोणत्याही मोठ्या खोलीत भिंतीवरून परतणारा आवाज तसाच उशिरा येतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे चार मीटरवरच्या भिंतीला जाऊन यायला त्यालाही २३-२४ मिलिसेकंद लागतातच. जो उशीर मूळ आवाजात असह्य होता तो इथे खपून जातो.

तपासणी : माइकसमोर एक टिचकी वाजवा. टिचकी एकदाच आणि मागे शेपटी, असे ऐकू आले पाहिजे. टिचकी दोनदा ऐकू आली तर `Dry` पूर्ण खाली गेलेला नाही.

## सॉफ्टवेअर मॉनिटरिंग केव्हा

इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगची सोयच नसेल, किंवा गायकाला कानात कॉम्प्रेसर लावलेला आवाज हवाच असेल, तेव्हाच ही वाट धरावी. गावातल्या साध्या लॅपटॉपवर ही माझी पहिली पसंती कधीच नसते. धरायची झाली तर डायरेक्ट मॉनिटर बंद करा, ट्रॅकचे मॉनिटरिंग चालू करा आणि बफर १२८ वर आणा. पूर्ण भजन एकदा वाजवून `View > Performance Meter` वर नजर ठेवा. एकदाही कटकट झाली नाही तर ६४ करून पाहा, नाहीतर १२८ वरच राहा. ट्रॅकवर फक्त शून्य `spls` दाखवणारे प्लगइन ठेवा. `ReaEQ` चालेल. `ReaComp` मध्ये `Pre-comp` शून्य ठेवा, कारण तेवढाच उशीर तो जोडतो.

एवढे करूनही १० मिलिसेकंदांच्या खाली येता आले नाही, तर गायकाला हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवू द्या आणि हेडफोनमधून त्याचा आवाज काढूनच टाका. मोकळ्या कानाने तो स्वतःला ऐकेल. मोकळी बाजू मात्र गालाशी किंवा डोक्याशी दाबून धरायला सांगा, नाहीतर तिच्यातले वादन माइकमध्ये जाईल.

## पायरी ६ : टेक जागेवर बसतो का, ते मोजा

मॉनिटरिंग नीट लागले तरी टेक खंजिरीच्या मागे पडलेला दिसू शकतो. सॉफ्टवेअर टेक आधीच्या वेळेकडे सरकवते ते ड्रायव्हरने सांगितलेल्या आकड्यावरून, आणि ड्रायव्हर काही वेळा खरा आकडा सांगत नाही. प्रत्येक इंटरफेससाठी हे एकदा मोजून ठेवावे.

इशारा : पुढची केबल लावण्याआधी डायरेक्ट मॉनिटर आणि ट्रॅकचे मॉनिटरिंग दोन्ही बंद करा, कंडेन्सर माइकला वीज देणारे ४८ व्होल्टचे बटण बंद करा, इनपुट लाइनवर ठेवा आणि गेन शून्यावर आणा. नाहीतर आवाज गोल फिरत राहून किंकाळी फुटेल. हेडफोन कानावरून काढून ठेवा.

इंटरफेसच्या पहिल्या आउटपुटपासून दुसऱ्या इनपुटपर्यंत केबल जोडा. खंजिरीचा एकच ठसठशीत ठोका एका ट्रॅकवर ठेवा, तो वाजवत दुसऱ्या इनपुटवर रेकॉर्ड करा आणि दोन्ही लहरी मोठ्या करून त्यांच्या सुरुवातीतले अंतर पाहा. समजा रेकॉर्ड झालेला ठोका ९६ सॅम्पल मागे पडला. ४८,००० वर ते नेमके २ मिलिसेकंद होतात. `Preferences > Audio > Recording` येथे `Use audio driver reported latency` चालू ठेवून `Input manual offset` मध्ये ९६ सॅम्पल भरा आणि पुन्हा रेकॉर्ड करा. अंतर मिटायला हवे. ते मिटण्याऐवजी दुप्पट झाले तर आकड्याचे चिन्ह उलटे करा. बफर किंवा सॅम्पल रेट बदलला की ही चाचणी पुन्हा घ्या.

केबल नसेल तर हेडफोनचा एक कप माइकला टेकवून हीच चाचणी होते. तेव्हा इनपुट माइकवरच राहील, कंडेन्सर असेल तर ४८ व्होल्ट लागतील आणि गेन आवाज येईपर्यंतच वाढवावा.

हे मोजल्यावरही टेक मागेपुढे वाटत असेल तर अंतराचा स्वभाव पाहा. पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत ते सारखेच असेल तर दोष अजून आकड्यात आहे. ते कमीजास्त होत असेल, एका ओळीत आवाज पुढे आणि दुसरीत मागे, तर गायकाला कानात वादन नीट मिळत नाही. तिथे कोणताही आकडा उपयोगी पडत नाही, बहुधा खंजिरी वर आणून हार्मोनियम खाली घ्यावी लागते.

## काम झाल्यावर

मिक्सिंगला बसण्याआधी डायरेक्ट मॉनिटर बंद करा. चालू राहिले तर खोलीतला पंखा आणि अंगणातली कोंबडी माइकमधून हेडफोनमध्ये येत राहतात, आणि तो आवाज टेकमध्येच आहे असे समजून लोक नॉइज काढायचे प्लगइन लावतात. 'कानातला रिव्हर्ब' हा ट्रॅक काढून टाका, बफर १०२४ करा आणि टेक मूळ प्रकल्पात शून्यापासून जुळवून ठेवा.